स्लाइडवरचं वाक्य बातमीत उतरताना

९ जानेवारी २००७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या मॉस्कोनी सेंटरमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन पहिल्यांदा जगाला दाखवला. त्या भाषणाची चित्रफीत लोक अजून पाहतात. त्याच दिवशी ॲपलने वर्तमानपत्रांना जे प्रसिद्धिपत्रक पाठवलं, ते मात्र पुन्हा कुणी उघडत नाही. खरं तर ते उघडून भाषणाशेजारी ठेवावं. रंगमंचावर पडद्यामागे दिसत गेलेल्या स्लाइड आणि हा पानदोन पानांचा मजकूर, दोन्हींमध्ये एकच वस्तू सांगितली आहे. पण काय आधी, काय नंतर, काय मुळीच नाही, हे पाहत गेलं की नव्या उत्पादनाच्या सादरीकरणातून बातमीचा मजकूर कसा काढतात, आणि तो काढताना काय निसटतं, हे दोन्ही कळतं.

पहिला फरक क्रमाचा. जॉब्स यांनी आयफोनचं नाव घेण्याआधी जवळजवळ अर्धा तास इतर गोष्टींत घालवला. मॅक संगणकांची विक्री, आयट्यून्सवर विकली गेलेली गाणी, ॲपल टीव्ही, हे सगळं होऊन गेलं. मग १९८४ चा मॅकिंटॉश, २००१ चा आयपॉड, आणि त्यानंतर आज तीन नवी उपकरणं आणतो आहोत अशी घोषणा. रुंद पडद्याचा आयपॉड, मोबाइल फोन आणि इंटरनेटचं उपकरण. तीन चित्रं पडद्यावर फिरू लागली, आणि ही तीन नसून एकच वस्तू आहे हे प्रेक्षकांच्या लक्षात आल्यावर सभागृह दणाणलं. त्यानंतरही लगेच फोन दाखवला नाहीच. आधी आयपॉडवर जुन्या फोनची चकती बसवलेलं एक चेष्टेचं चित्र आलं. कीर्तनकार पूर्वरंग लांबवतो तो आख्यानाला श्रोता तयार व्हावा म्हणून. चांगलं सादरीकरणही तसंच लांबवलेलं असतं, आणि त्यात गैर काही नाही.

वर्तमानपत्राच्या उपसंपादकाला पूर्वरंग नको असतो. त्याच्यासमोर दिवसाला पत्रकांचा ढीग येतो, प्रत्येकाच्या पहिल्या दोन ओळी तो वाचतो, आणि जागा कमी पडली तर मजकूर खालून कापतो. म्हणून ॲपलच्या पत्रकात पहिल्याच वाक्यात सगळं आहे: कंपनीने आज आयफोन सादर केला, त्यात तीन उत्पादनं एकत्र आहेत, ती कोणती, आणि ते हातात मावणारं छोटं उपकरण आहे. पडद्यावर ज्या रहस्यासाठी अर्धा तास खर्च झाला, ते पत्रकाने पहिल्या श्वासात सांगून टाकलं. पुढे पत्रकाचे जे विभाग पडतात तेही त्या तीन चित्रांवरूनच: फोन म्हणून काय, आयपॉड म्हणून काय, इंटरनेटचं उपकरण म्हणून काय. त्यामागोमाग फोनमधल्या संवेदकांचा एक विभाग आणि शेवटी किंमत व उपलब्धता. शीर्षक तर जवळपास तयारच होतं. ॲपल आज फोन नव्याने घडवते आहे, हे जॉब्स रंगमंचावर म्हणाले होते. तेच वर चढलं. ज्या सादरीकरणाचं मूळ एका वाक्यात आणि तीन चित्रांत बसतं, त्याचं पत्रक लिहिणं सोपं जातं. साठ स्लाइड आणि प्रत्येकीवर सहा मुद्दे अशी पीपीटी हातात आली की लिहिणाऱ्याला आधी त्यातलं आख्यान शोधावं लागतं, आणि कित्येकदा ते सापडत नाही.

आता काय गळलं ते पाहू. पत्रक लिहिणारा सगळ्या स्लाइड आणि त्यांच्याखाली वक्त्याने लिहिलेल्या टिपा वाचून काढतो, आणि प्रत्येक स्लाइडला दोन प्रश्न विचारतो. ही गोष्ट आजच पहिल्यांदा कळते आहे का? आणि ती कळल्यावर वाचक काही करू शकतो का, म्हणजे घेऊ शकतो, वाट पाहू शकतो, तुलना करू शकतो? दोन्हींना नाही असं उत्तर आलं की स्लाइड बाजूला जाते. त्या दिवशी जॉब्स यांनी व्यासपीठावरून एका कॉफीच्या दुकानाला फोन लावून चार हजार लाटे मागवण्याची चेष्टा केली. मध्येच हातातला रिमोट बंद पडला तेव्हा वेळ भरून काढायला वॉझ्नियाकचा एक जुना किस्सा सांगितला. लोक आजही हेच आठवतात, पत्रकात यातलं अक्षरही नाही.

याहून विचार करायला लावणाऱ्या गाळलेल्या गोष्टी दोन. त्या वेळचे स्मार्टफोन किती हुशार आणि वापरायला किती सोपे, असा एक आलेख पडद्यावर आला होता आणि त्यावर मोटोरोला, ब्लॅकबेरी, पाम आणि नोकियाची मॉडेलं नावानिशी होती. सभागृहात हे चालतं, कारण तिथे बोलणारा एक माणूस असतो आणि समोर त्याचेच चाहते. कंपनीच्या शिक्क्याच्या कागदावर प्रतिस्पर्ध्याचं नाव घालून त्याला कमी लेखायचं, तर प्रत्येक तुलनेचा पुरावा हाताशी लागतो. शिवाय आपल्या बातमीत दुसऱ्याचं नाव फुकट छापून येतं ते वेगळंच. पत्रकात त्या फोनांची नावं नाहीत. दुसरी गोष्ट विक्रीच्या उद्दिष्टाची. भाषणाच्या शेवटाकडे जॉब्स यांनी सांगितलं की २००६ मध्ये जगात ९५ कोटी ७० लाख मोबाइल विकले गेले; त्यातला एक टक्का, म्हणजे एक कोटी फोन, २००८ मध्ये विकायचे आहेत. हे आकडे उत्पादनाबद्दल नाहीत, कंपनीच्या अपेक्षेबद्दल आहेत. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीने अशी अपेक्षा लेखी दिली की गुंतवणूकदार ती धरून बसतात. ॲपलने ते उद्दिष्ट पुढे गाठलं, पण म्हणून ते फोनच्या पत्रकात शोभलं असतं असं नाही.

मराठी वर्तमानपत्रासाठी याच स्लाइडवरून पहिला परिच्छेद लिहायचा असता तर मी असा लिहिला असता:

“सॅन फ्रान्सिस्को, ता. ९ : मोबाइल फोन, रुंद पडद्याचा आयपॉड आणि ई-मेल, संकेतस्थळे व नकाशे पाहण्याची सोय ही तिन्ही कामे करणारा ‘आयफोन’ ॲपल कंपनीने आज सादर केला. तो बटणांऐवजी पडद्यावर बोटे फिरवून चालवायचा आहे. अमेरिकेत त्याची विक्री जूनमध्ये सुरू होईल. ४ जीबीच्या फोनची किंमत ४९९ डॉलर आणि ८ जीबीच्या फोनची ५९९ डॉलर असून, त्यासाठी सिंग्युलर कंपनीशी दोन वर्षांचा करार करावा लागेल.”

यात ‘सादर केला’ हे क्रियापद विचार करून घातलं आहे. ‘बाजारात आणला’ असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं असतं, कारण त्या दिवशी कुणालाही हा फोन विकत मिळत नव्हता. जॉब्स यांनी कारणही सांगितलं होतं: अमेरिकेत नव्या फोनला दूरसंचार आयोगाची परवानगी लागते, अर्ज केला की गोष्ट फुटते, म्हणून सहा महिने आधीच आम्ही स्वतः जाहीर करतो आहोत. अशी परवानगी मिळण्याआधी उपकरणाची जाहिरात करायची, तर परवानगी अजून मिळालेली नाही हे तिथेच स्पष्ट लिहावं लागतं. पीपीटीत मात्र सगळं वर्तमानकाळात असतं. फोन हे करतो, फोन ते करतो. आज काय आहे, जूनमध्ये काय असेल आणि पुढच्या वर्षी काय येईल अशी आशा आहे, हे तीन काळ वेगळे करणं हे पत्रक लिहिणाऱ्याचं काम. आपल्याकडच्या पत्रकांत सर्वांत जास्त घोळ इथेच होतो, असं मला वाटतं. ‘दाखल’ हा शब्द सरसकट वापरला जातो, आणि ग्राहक दुकानात जाऊन हात हलवत परत येतो.

किंमतही मी मुद्दाम वर आणली आहे. ॲपलच्या पत्रकात ती तळाशी, स्वतंत्र विभागात आहे, तशी अमेरिकी रीतच आहे. आपला वाचक मात्र फोन कसा आहे याच्या आधी केवढ्याला आहे हे विचारतो. खालून कापणाऱ्या उपसंपादकाच्या हातून ती गेली, तर बातमीतला अर्धा जीव जातो.

आता येतो त्या पत्रकातल्या ज्या जागेवर मी सर्वांत जास्त थांबतो, तिच्याकडे. बहुतेक पत्रकांत दुसऱ्या-तिसऱ्या परिच्छेदात कंपनीच्या प्रमुखाचं एक वाक्य अवतरणात असतं. ते वाक्य त्याने त्या दिवशी तसंच उच्चारलेलं असतं असं नाही. प्रसिद्धी विभाग ते आधीच लिहितो आणि साहेबांकडून मंजूर करून घेतो. आयफोनच्या पत्रकातलं जॉब्स यांचं अवतरण भाषणातल्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून जुळवल्यासारखं आहे. एक तुकडा बोटांचा: माणूस उत्तम दर्शक सोबत घेऊनच जन्मतो, त्याची बोटं. हा तुकडा शाबूत उतरला आहे. दुसरा तुकडा पाच वर्षांचा. रंगमंचावर जॉब्स म्हणाले होते की इतर कोणत्याही फोनवर जे आहे त्याच्या किमान पाच वर्षं पुढे असलेलं सॉफ्टवेअर आम्ही दाखवणार आहोत. पत्रकात मात्र हा फोनच इतर कोणत्याही मोबाइलच्या अक्षरशः पाच वर्षं पुढे आहे असं त्यांच्या तोंडी आहे.

फरक एका शब्दाचा दिसतो, पण दावा केवढा फुगला ते बघा. सॉफ्टवेअर पाच वर्षं पुढे आहे, हे त्या काळचे फोन हाताळलेल्या माणसाने फारशी खळखळ न करता मानलं असतं. स्पर्शाने चालणारा पडदा, दोन बोटांनी मोठं-लहान होणारं छायाचित्र, संगणकावर दिसतं तसंच दिसणारं वेबपान, हे सगळं एकत्र तेव्हा दुसरीकडे नव्हतं. पण फोन म्हणून? आयफोनला थ्री-जी नव्हतं. तो एज या जुन्या, सावकाश जाळ्यावर चालत होता. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, आणि त्यावर चलचित्रण होत नव्हतं. नोकियाने चारच महिने आधी जाहीर केलेल्या एन-९५ मध्ये थ्री-जी होतं, उपग्रहावरून ठिकाण सांगणारं जीपीएस होतं आणि पाच मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. म्हणजे काही बाबतींत आयफोन मागे होता. स्लाइडवरचा दावा बचाव करता येण्याजोगा होता, पत्रकातल्या दाव्याला टीकाकार हातात उदाहरण घेऊन उत्तर देऊ शकत होते.

ही घसरण कुणा एकाच्या लबाडीने होते असं नाही. बोलताना वक्त्याने आधी दहा मिनिटं सॉफ्टवेअरबद्दलच सांगितलेलं असतं, त्यामुळे पाच वर्षं कशाची ते ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. ते वाक्य उचलून कागदावर ठेवलं की आसपासचा संदर्भ गळतो आणि कर्ता बदलून जातो. मग कुणीतरी ‘किमान’ काढून ‘अक्षरशः’ घालतं, कारण ते ऐकायला जोरकस वाटतं. हे पकडायची एकच पद्धत मला ठाऊक आहे: पत्रकाचा कच्चा मसुदा झाला की त्यातल्या प्रत्येक दाव्यापुढे तो कोणत्या स्लाइडवरून घेतला तिचा क्रमांक लिहायचा, आणि मग स्लाइड उघडून वाक्याचा कर्ता आणि मर्यादा तपासायच्या. ‘सर्वांत’, ‘पहिला’, ‘एकमेव’ हे शब्द दिसले की कुठे, कशात आणि केव्हापर्यंत, हे विचारायचं. बहुतेक वेळा स्लाइडवर तळाला बारीक अक्षरांत उत्तर असतं, आणि पत्रकात तेच गळालेलं असतं.

किमतीच्या ओळीची गोष्टही याच जातीची. आपल्याकडचं ठळक उदाहरण आयफोननंतर बरोबर एक वर्ष आणि एका दिवसाने घडलं. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये रतन टाटा यांनी नॅनो दाखवली आणि एक लाखाचं वचन पाळल्याचं सांगितलं. ते एक लाख वितरकाकडची किंमत होती. मूल्यवर्धित कर आणि वाहतूक वेगळी, हेही त्यांनी तिथेच सांगितलं होतं. पण लोकांच्या डोक्यात राहिली ती ‘लाखाची गाडी’, आणि मार्च २००९ मध्ये मुंबईत ती विक्रीसाठी जाहीर झाली तेव्हा शोरूमची किंमत लाखाच्या वर बघून अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. अट सांगितलेली असणं आणि अट आकड्याला चिकटलेली असणं यात हा फरक आहे. पत्रकात ती त्याच वाक्यात हवी, तळटीपेत नव्हे. आयफोनच्या बाबतीत दोन वर्षांचा करार ही तशी अट होती. म्हणून वरच्या मराठी परिच्छेदात मी ती डॉलरच्या आकड्याला बांधून टाकली.

एका सादरीकरणातून एकच पत्रक निघतं असंही नाही. त्या एका सकाळच्या स्लाइडमधून ॲपलने आयफोनचं पत्रक वेगळं काढलं, ॲपल टीव्हीचं वेगळं, आणि सिंग्युलर हीच अमेरिकेतली एकमेव सेवा कंपनी असेल या कराराचंही वेगळं. करारात दोन पक्ष असतात, आणि दुसऱ्याच्या नावाने एक शब्दही छापायचा तर त्याची मंजुरी लागते. त्याच्या वकिलाला एखादं विशेषण खटकलं म्हणून फोनची बातमी अडून बसू नये, यासाठी हे विभाजन उपयोगी पडतं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात सिंग्युलरचं नाव बदलून एटी अँड टी होऊ लागलं होतं. जूनमध्ये फोन दुकानात आला तेव्हा जानेवारीच्या पत्रकातलं नाव जुनं झालेलं होतं.

नावाचा आणखी मोठा पेच दुसऱ्याच दिवशी उभा राहिला. ‘आयफोन’ या नावाचा व्यापारचिन्हाचा हक्क सिस्को कंपनीकडे होता, आणि तिच्या लिंकसिस विभागाने जेमतेम महिनाभर आधी त्या नावाचे फोन बाजारात आणले होते. १० जानेवारीला सिस्कोने ॲपलवर दावा लावला. फेब्रुवारीत समझोता झाला आणि दोघांनाही नाव वापरता आलं. पत्रक लिहिणाऱ्याचा यात दोष नाही, तो निर्णय कितीतरी वरचा होता. पण सादरीकरणात दिसणाऱ्या प्रत्येक नावाबद्दल ‘हे आपलं आहे ना?’ हे विधी विभागाला लेखी विचारणं त्याच्या यादीत असावंच लागतं.

भारतात नोंदणीकृत कंपनीला याशिवाय आणखी एक पायरी आहे. सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतल्या ३० व्या नियमाप्रमाणे महत्त्वाच्या घडामोडी आधी शेअर बाजाराला कळवाव्या लागतात, आणि मोठं नवं उत्पादन त्यात येऊ शकतं. म्हणून पत्रक आणि बाजाराला पाठवायचं निवेदन यांचे आकडे एकाच माणसाने शेजारी ठेवून जुळवलेले बरे. पीपीटी तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्रीपर्यंत बदलत असते. पत्रक तिसऱ्या मसुद्यावरून लिहिलेलं आणि पडद्यावर आलेली स्लाइड अकराव्या मसुद्यातली, असं झालं की पत्रकार दोन्ही आकडे शेजारी छापतात.

पत्रक एकदा गेलं की परत घेता येत नाही, नवं काढावं लागतं. आयफोनचंही तसंच झालं. जानेवारीत पडद्यावर बॅटरी पाच तास बोलण्याइतकी सांगितली होती, आणि दाखवलेल्या फोनची वरची बाजू प्लॅस्टिकची होती. १८ जून २००७ रोजी ॲपलने नवं पत्रक काढून बॅटरी बोलण्यासाठी आठ तासांपर्यंत चालेल आणि वरची बाजू काचेची असेल असं सांगितलं. इथे बदल चांगल्यासाठी होता, म्हणून त्याचीही बातमी झाली.

जानेवारीच्या त्या पत्रकात आपल्यासाठी एकच ओळ होती: आशियात २००८ मध्ये. ती पाळली गेली असं म्हणता येतं. २२ ऑगस्ट २००८ रोजी एअरटेल आणि व्होडाफोनने भारतात आयफोनची विक्री सुरू केली, ८ जीबीचा फोन ३१ हजार रुपयांना. मात्र तो जानेवारीत दाखवलेला फोन नव्हता. तोवर त्याच्या पुढचं, थ्री-जी असलेलं मॉडेल आलं होतं, आणि तेच भारतात विकायला आलं.